छोट्या इमारतीच्या वेळेवरून मोठ्या इमारतीचा अंदाज: जिना चढण्याचा वेग मीटरमध्ये कसा मोजावा

जिना चढण्याच्या शर्यतीची तयारी करणारे बहुतेक जण आपला सराव मजल्यांत किंवा पायऱ्यांत सांगतात. रोजच्या सरावासाठी ते ठीक आहे, पण दुसऱ्या इमारतीत किती वेळ लागेल हे काढताना याच मोजमापाने फसगत होते. मजल्याची आणि पायरीची उंची प्रत्येक इमारतीत वेगळी असते. म्हणून मिनिटाला किती मीटर उंची चढलो, हा आकडा धरावा.

आधी आपल्या जिन्याची उंची काढा. जमिनीपासूनच्या सगळ्या पायऱ्या एकदा सावकाश चढत मोजा. मग मोजपट्टीने वेगवेगळ्या मजल्यांवरच्या दहा पायऱ्यांची उंची घ्या आणि सरासरी काढा. पट्टी एका पायरीच्या पृष्ठभागापासून पुढच्या पायरीच्या पृष्ठभागापर्यंत उभी धरायची. प्रत्येक मजल्याची पहिली आणि शेवटची पायरी फरशीच्या जाडीमुळे अनेकदा कमीजास्त असते, तेव्हा फक्त तिच्यावर विसंबू नका. इथे कंटाळा करू नये. ४०० पायऱ्यांच्या जिन्यात पायरीमागे एक सेंटिमीटर चुकला, तर एकूण उंची चार मीटरने चुकते. मनगटी घड्याळातल्या जीपीएसचा बंद जिन्यात उपयोग होत नाही.

आता एक उदाहरण. इमारत २० मजल्यांची, पायऱ्या ४००, सरासरी उंची १६.५ सेंटिमीटर, म्हणजे चढाई ६६ मीटर. शर्यतीच्या जोराने चढून वेळ आली ३ मिनिटे १८ सेकंद, म्हणजे ३.३ मिनिटे. भागाकार केला की मिनिटाला २० मीटर. सेकंदांचे मिनिटांत रूपांतर करताना ३.१८ असे लिहू नका. १८ सेकंद म्हणजे ०.३ मिनिट.

हाच माणूस न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या शर्यतीत उतरला तर? तिथे १,५७६ पायऱ्या चढून ८६व्या मजल्यावर पोहोचायचे असते आणि उंची सुमारे ३२० मीटर. पायऱ्यांच्या हिशेबाने उत्तर येते १३ मिनिटे. मजल्यांच्या हिशेबाने सुमारे १४. मीटरच्या हिशेबाने मात्र १६ मिनिटे. तीन मिनिटांची ही तफावत कुठून आली? ३२० मीटरला १,५७६ ने भागून पाहा: तिथली पायरी सरासरी २०.३ सेंटिमीटरची निघते, सरावाच्या पायरीपेक्षा जवळजवळ चार सेंटिमीटर उंच. गुडघा दर वेळी तेवढा जास्त उचलावा लागतो.

पण १६ मिनिटेही खरी नाहीत, कारण तीन मिनिटांचा जोर सोळा मिनिटे टिकत नाही. लहान चढाईत शरीर प्राणवायूविना मिळणारी ऊर्जा बऱ्याच प्रमाणात वापरते, आणि तो साठा लवकर संपतो. धावण्यासाठी पीट रीगल यांनी दिलेले सूत्र इथे पहिला अंदाज म्हणून चालते. उंचीचे गुणोत्तर १.०६ या घातांकाला न्यायचे आणि जुन्या वेळेने गुणायचे. स्प्रेडशीटमध्ये असे टाका:

```
=3.3*(320/66)^1.06
```

उत्तर येते सुमारे १७.६, म्हणजे १७ मिनिटे ३५ सेकंद. सरासरी वेग मिनिटाला १८.२ मीटरवर उतरला.

हा १.०६ धावपटूंचा आकडा आहे, तुमचा नव्हे. स्वतःचा काढायचा असेल तर दुसऱ्या दिवशी तीच इमारत सलग तीनदा चढा, प्रत्येक वेळी लिफ्टने खाली या आणि फक्त चढण्याचा वेळ मोजा. तिन्हींची बेरीज १० मिनिटे ३६ सेकंद आली असे समजू. म्हणजे ६३६ सेकंद. पहिल्या १९८ सेकंदांच्या ३.२१ पट.

```
=LN(636/198)/LN(3)
```

उत्तर १.०६च्या आसपासच आले. पण लिफ्टमध्ये मिळालेली उसंत विसरू नका. त्या मिनिटभरात धाप उतरते, त्यामुळे खरा घातांक याहून मोठा असणार. मी अशा वेळी १.०८ धरूनही एकदा हिशेब करते. या उदाहरणात तो सुमारे १८ मिनिटे १० सेकंद देतो, आणि सुरुवातीचा वेग ठरवताना मी हाच सावध आकडा मानते.

उत्तर अवाच्या सवा आले तर ताडून पाहायला एक मापदंड आहे. पॉल क्रेक यांनी २००३ साली एम्पायर स्टेटची शर्यत ९ मिनिटे ३३ सेकंदांत जिंकली, म्हणजे मिनिटाला साधारण साडेतेहतीस मीटर. तुमचा लांब चढाईचा अंदाज याच्या वर गेला, तर बहुधा पायरीची उंची चुकली आहे किंवा पायऱ्या दोनदा मोजल्या गेल्या आहेत.

एक गोष्ट मात्र या गणितात बसत नाही: वळणे. लँडिंगवर पावले पडतात, पण उंची वाढत नाही. सरावाच्या जिन्याला दर दहा पायऱ्यांनी वळण असेल आणि शर्यतीच्या जिन्याला वीस पायऱ्यांनी, तर तिथे अंदाजापेक्षा थोडा कमी वेळ लागेल. उलट असेल तर जास्त. शिवाय वळणावर आतल्या कठड्याला हात घालून स्वतःला ओढून घेता येते का, हे सरावातच पाहून ठेवा, कारण कठडा कोणत्या बाजूला आहे यावर तुमचे पाऊल कुठे पडणार ते ठरते.