तळणाच्या आधी ताट काढा, मग गॅस पेटवा

दिवाळीचं तळण सुरू व्हायच्या आत हे लिहून टाकतो, नंतर कुणाला वाचायला वेळ नसतो. गेल्या वर्षी शेव तळायचं काम माझ्याकडे होतं. कढईत लिटरभर शेंगदाणा तेल, गॅस मोठा, आणि तेवढ्यात नळ आला. आता सोलापुरात चार दिवसांनी आलेला नळ म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही, मी सगळं सोडून पिंप भरायला पळालो. परत आलो तेव्हा हातात भरलेली कळशी आणि कढईवर हातभर जाळ. म्हणजे घरात पाणीच पाणी होतं आणि झाकण कुठंच नव्हतं.

तर यादी. तेल, पीठ, झारा, सोऱ्या हे तुम्ही घेणारच, ते सांगत बसत नाही. पहिली वस्तू ताट, तेल पेटलं तर झाकून जाळाची हवा तोडायला. गॅस पेटवायच्या आधी, कढई थंड असताना, एक सपाट जाड स्टीलचं किंवा पितळी ताट घ्या आणि कढईवर ठेवून बघा. बघाच, अंदाजानं नको. आमच्या कढईच्या कड्या काठाच्या वर येतात, त्यामुळे बरोबर मापाचं ताट त्यावर डुगडुगतं आणि एका बाजूनं बोटभर फट राहते, त्या फटीतून हवा आत जाते म्हणजे झाकून उपयोग काय. अशी कढई असेल तर परात पालथी घालून बघा, कड्यांसकट झाकली जाते का. काचेचं झाकण नको, तडकतं. चाळणी तर नकोच, हसू नका, मी त्या दिवशी पहिल्यांदा चाळणीच उचलली होती.

ताट कोरडं हवं, हे वेगळं सांगतो. नुकतंच विसळलेलं ताट झाकायला गेलात तर त्यावरचं पाणी ओघळून तेलातच जाणार. आणि ते ओट्यावरच, हाताशी ठेवायचं, कपाटात नाही, मांडणीवर नाही, शेगडीच्या मागं तर नाहीच, कारण जाळ ओलांडून हात घालता येत नाही.

आता पाणी का नाही ते. मलाही शाळेपासून पाण्यानं आग विझते एवढंच माहीत. पण पाणी तेलापेक्षा जड, ते वर राहत नाही, थेट तळाला जातं. पेटलेलं तेल असतं साडेतीनशे डिग्रीच्या आसपास किंवा वरच, आणि पाणी शंभरला उकळतं. म्हणजे तळाशी गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफ झाली की ते साधारण १७०० पट फुगतं. हिशोब करून बघा, एक फुलपात्र म्हणजे दीडशे मिली धरलं तर अडीचशे लिटर वाफ, आपल्या दोनशे लिटरच्या पिंपापेक्षा जास्त, आणि ती सगळी तेलाच्या खालून वर यायला बघते. येताना तेल घेऊन येते, बारीक बारीक थेंब करून. कढईत असताना तेल फक्त वरच्या थरावर जळत होतं, आता प्रत्येक थेंबाला चारी बाजूंनी हवा, सगळे एकदम पेटतात. म्हणून तो भडका छताला जातो. मी पूर्ण कळशी ओतली नाही हे नशीब, फुलपात्रभरच टाकलं, आई मागून ओरडत होती "पाणी टाक की रे, बघत काय बसलास", तिचं तरी काय चुकलं. भुवया गेल्या, उजव्या हाताला फोड आले, एक्झॉस्ट फॅनचं प्लास्टिक वितळून खाली लोंबत होतं. ओला टॉवेल पण नको, त्यातून पाणी ठिबकतं. आणि आपली सोलापुरी चादर जाड आहे म्हणून टाकावी वाटेल, टाकू नका, सुती आहे ती, तेल पिते आणि वातीसारखी पेटते.

बेसन, मैदा हे पण नाही, पीठ उडालं की तेच पेटतं. खायचा सोडा चालतो म्हणतात, ते खरं आहे पण चमचाभर तेलाच्या जाळाला, कढईला अख्खा डबा लागेल आणि तुमच्याकडे शंभर ग्रॅमची पुडी असते. सोडा शोधण्यापेक्षा ताट घ्या. ताट घेतलंय ना ओट्यावर?

पेटल्यावर कसं करायचं. बटणापर्यंत हात सुरक्षित पोचत असेल तर आधी गॅस बंद, नसेल तर आधी झाका, मग खालून रेग्युलेटर बंद करा. ताट वरून आदळायचं नाही. ढालीसारखं पुढं धरायचं, तोंड आणि जाळ यांच्या मध्ये, आणि आपल्या बाजूच्या काठावरून पलीकडं सरकवत न्यायचं, म्हणजे जाळ तुमच्यापासून लांब ढकलला जातो. सांडशीत धरता आलं तर उत्तम. कढई उचलायची नाही, बाहेर न्यायची नाही, अंगणात तर नाहीच, चालताना तेल हिंदकळतं आणि वाटेतला माणूस पेटतो.

आमच्याकडे शेवटी शेजारच्या काकू आरडाओरडा ऐकून स्वतःच्या घरची परात घेऊन आल्या आणि एका झटक्यात झाकली. मग मी दुसरा शहाणपणा केला. दोन मिनिटांनी विझलं का बघायला परात उचलली, आणि भप्प. जाळ हवेअभावी गेला होता, तेल थंड झालं नव्हतं, तेवढं गरम तेल हवा मिळाली की काडी न लावता पेटतं. काकू म्हणाल्या, "काय करालास रे, हात काढ की!" तर झाकलं की तासभर विसरायचं. ताट गार लागलं म्हणून उघडू नका, कढईची बाहेरची बाजू पण गार झालेली असू दे.

मुळात पेटण्याआधी तेल सांगतं. तळणाला १८० डिग्री पुरे, त्याच्या बरंच वर गेलं की पातळ निळसर धूर येतो आणि घसा खवखवतो, तेव्हाच गॅस बंद केला की विषय संपला. नळ येऊ दे, फोन येऊ दे, गॅस बंद करूनच उठायचं. कढई अर्ध्याच्या वर भरायची नाही.

बाकीचं पटापट. जाळ कपाटाला किंवा छताला धरला तर ताटाचा खेळ संपला, सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ लावा. घरातलं आग विझवायचं पावडरचं सिलिंडर जवळून मारलं तर जोरानं तेल उडतं आणि नंतर परत पेटू शकतं, तेलासाठी वेट केमिकलवालं येतं ते वेगळं. भाजलं तर अंगठी, बांगड्या लगेच काढा आणि वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, मोठे फोड असतील तर दवाखाना. ते तेल परत वापरू नका, गार झाल्यावर जुन्या डब्यात भरून टाका, मोरीत नको.