वेफर्सचा चुरा आणि ‘वा’ने फसलेलं मॉडेल

जळगावच्या एका दुकानाच्या केळी वेफर्सवरचे अभिप्राय मी एआय मॉडेलकडून चांगले-वाईट असे वेगळे करत होतो. लोक मराठी, हिंदी, अहिराणी एकाच ओळीत लिहितात, तेही रोमन अक्षरांत. `maal bhari she` मधलं अहिराणी ‘शे’ इंग्रजी ‘शी’ समजलं जायचं. रोमन लिपीतली मराठीही शिकलेलं म्युरिल हे गूगलचं भाषा-मॉडेल घेऊन आमच्या अभिप्रायांवर शिकवलं, तेव्हा हे बरंचसं सुटलं.

अडलं ते टोमण्यापाशी. `Wah, kya packing! Dabba ughadla tar nusta chura 🙏` हा अभिप्राय ‘चांगला’ ठरला. ‘चुरा’ तक्रार म्हणून शिकवणीत आलाच नव्हता, आणि मजकूर साफ करताना 🙏 मीच काढून टाकत होतो.

मग तारे १ किंवा २, पण मॉडेल ‘चांगला’ म्हणतंय, असे अभिप्राय बाजूला काढले. दुकानातल्या अहिराणी बोलणाऱ्या ताईंसोबत एकेक वाचून खरं कौतुक की टोमणा अशा खुणा केल्या. चुकून कमी तारे पडलेलं खरं कौतुकही त्यात निघालं, त्यामुळे नुसत्या ताऱ्यांवर भागलं नसतं. इमोजी परत ठेवले, पुन्हा शिकवलं. शिकवणीत न घेतलेल्या अभिप्रायांतलेही चुऱ्याचे टोमणे आता पकडले जातात. पाच तारे देऊन मारलेला टोमणा मात्र या चाळणीतून निसटतो. ते अभिप्राय अजून आम्ही स्वतः वाचतो.