लीड टाइम घटला म्हणून सेफ्टी स्टॉक उतरवताय? आधी एवढं तपासा

पुरवठादाराने लीड टाइम कमी केला की आठवड्याभरात वरून विचारणा येतेच, ‘मग आता स्टॉक कधी उतरवताय?’ आकडा तोंडातून काढण्याआधी ही तयारी करून ठेवा. यातली एक गोष्ट मागच्या वेळी माझ्याकडून सुटली होती. ती इथे पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळा आला तरी ओलांडून पुढे जाऊ नका.

उदाहरण शेवटपर्यंत एकच धरू. शिरोली एमआयडीसीत पंपांची असेंब्ली आहे आणि पंपाला लागणारं मेकॅनिकल सील कोइमतूरहून येतं. रोजचा सरासरी खप २०० नग. पण रोज बरोबर २०० कुठे लागतात? एखाद्या दिवशी १५०, एखाद्या दिवशी २५०. या चढउताराचं माप, म्हणजे प्रमाणित विचलन, ४० नग. लीड टाइम आजवर १६ कामाचे दिवस होता. आता पुरवठादाराने पुण्यात डेपो काढलाय आणि माल ४ दिवसांत मिळेल म्हणतोय.

पहिलं काम, खपाचे आकडे. निदान तीन महिन्यांचे, रोजचे, आणि स्टोअर्सच्या इश्यू स्लिपांवरून. खरेदीच्या बिलांवरून अजिबात नाही. बिलं लॉटने येतात, त्यात असेंब्लीचा खप दिसतच नाही. ज्या दिवशी माल संपला म्हणून इश्यू शून्य आहे, तो दिवस बाजूला काढा. मागणी होती, फक्त द्यायला माल नव्हता. उरलेल्या आकड्यांवर एक्सेलमध्ये `=STDEV.S(B2:B79)` लावलं की झालं. हाताशी फक्त महिन्याचं विचलन असेल तर त्याला २६ ने भागून रोजचं काढू नका, २६ च्या वर्गमुळाने भागा. असं का, ते पुढे हिशेबात कळेल.

सेवापातळी आधी ठरवून घ्या. शंभरातल्या पंच्याण्णव फेऱ्यांत माल पुरला पाहिजे असं ठरलं, तर गुणक १.६५. यावर तासभर मीटिंग घेऊ नका.

आता हिशेब. सूत्र साधं आहे: `SS = z × σ × √L`. SS म्हणजे सेफ्टी स्टॉक, z म्हणजे वरचा गुणक, σ म्हणजे रोजच्या खपाचं विचलन, L म्हणजे लीड टाइमचे दिवस. आधी १६ दिवसांसाठी: १.६५ × ४० × ४ = २६४ नग. नंतर ४ दिवसांसाठी: १.६५ × ४० × २ = १३२ नग. लीड टाइम पाव झाला, सेफ्टी स्टॉक मात्र अर्धाच झाला. कारण असं, की १६ दिवसांतले सगळेच दिवस जास्त खपाचे नसतात. सोमवारी ४० जास्त गेले तर बुधवारी ३० कमी जातात, काही एकमेकांत मिटतं. म्हणून विचलनांची बेरीज करायची नसते, त्यांच्या वर्गांची करायची असते. एका दिवसाचा वर्ग १,६००. १६ दिवसांचा २५,६००, त्याचं वर्गमूळ १६०. ४ दिवसांचा ६,४००, त्याचं वर्गमूळ ८०. याच कारणाने ९ दिवसांवर येऊन थांबलात तरी १९८ पर्यंत उतरता, आणि १६ चे १५ केले तर जेमतेम ८ नग वाचतात.

वर सांगताना दोन आकडे वेगळे ठेवा. वाटेतला माल, म्हणजे ऑर्डर दिलेला पण न आलेला, सरळ प्रमाणात घटतो: २०० × १६ = ३,२०० वरून २०० × ४ = ८०० वर. सेफ्टी स्टॉक वर्गमुळाने घटतो. साहेब पहिला ऐकून दुसऱ्याकडूनही पाऊणपट कपातीची अपेक्षा धरतात, आणि मग १३२ चे ६६ का नाहीत हे तुम्हाला समजावत बसावं लागतं.

आता ती सुटलेली गोष्ट. परचेसला विचारा, ‘लीड टाइम किती?’ उत्तर येईल, ‘चार दिवस.’ तिथे थांबू नका. पुढचं विचारा, ‘ऑर्डर कधी जाते?’ ‘शनिवारी संध्याकाळी, सगळ्यांच्या एकदम.’ झालं, तुमचे १३२ चुकले.

दिवस बोटावर मोजा. शनिवारी संध्याकाळी ऑर्डर गेली. सोमवारी खप अचानक वाढला. तुम्हाला सोमवारीच कळलं, पण पुढची ऑर्डर येत्या शनिवारी जाणार. सोमवार ते शनिवार सहा दिवस गेले. मग त्या ऑर्डरचा माल यायला आणखी चार दिवस, म्हणजे त्यापुढचा गुरुवार. आधीच्या शनिवारी जे हाताशी आणि वाटेत होतं, त्यावर तुम्हाला दहा दिवस काढायचेत, चार नव्हे. वर्गमुळाखाली लीड टाइम एकटा जात नाही, लीड टाइम अधिक दोन ऑर्डरींमधलं अंतर जातं. १० चं वर्गमूळ ३.१६, म्हणजे सेफ्टी स्टॉक १.६५ × ४० × ३.१६ = २०९ नग. १३२ नाही.

आम्ही १३२ लावले होते. ते ठेवले तर प्रत्यक्ष गुणक १.६५ चा १.०४ होतो आणि सेवापातळी साधारण ८५ टक्क्यांवर येते. वीस फेऱ्यांत एकदा माल कमी पडायचा, तो सहा-सात फेऱ्यांत एकदा पडायला लागतो. फेरी आठवड्याची आहे, म्हणजे दीड महिन्यात एकदा लाइन उभी.

चूक जुनीच असते, फक्त दिसत नसते. १६ दिवसांच्या वेळीही शनिवारचीच ऑर्डर होती, म्हणजे खरे २२ दिवस धरायला हवे होते आणि सेफ्टी स्टॉक ३१० हवा होता. २६४ वर निभावलं, कारण २२ मध्ये ते सहा दिवस पाव हिश्शाच्या आसपास होते आणि सेवापातळी ९२ टक्क्यांपर्यंतच घसरली होती. लीड टाइम ४ वर आला की तेच सहा दिवस दहातले सहा होतात. पुरवठादार जितका जवळ येतो, तितका तुमचा शनिवार महाग पडतो.

म्हणून खरा प्रस्ताव पुरवठादाराकडे नाही, आपल्याच परचेस टेबलावर आहे. रोज ऑर्डर काढता आली तर वर्गमुळाखाली ४ + १ = ५ दिवस, सेफ्टी स्टॉक १४८. आठवड्याची ऑर्डर ठेवली तर २०९. हे ६१ नग पुरवठादाराला एक शब्द न विचारता सुटतात. मात्र डेपो किमान किती नग एका वेळी देतो ते बघा. त्याने हजाराखाली गाडी भरणार नाही म्हटलं, तर रोजच्या ऑर्डरीचा बेत कागदावरच राहील. ऑर्डर सहीसाठी दोन दिवस टेबलावर पडून राहत असेल तर तेही दिवस मोजा.

त्याचबरोबर, ‘चार दिवस’ कुठून कुठपर्यंत, हे लिहून घ्या. पुरवठादाराचे चार दिवस बहुतेक वेळा माल गाडीत चढेपर्यंतचे असतात. ट्रान्सपोर्ट, गेट एन्ट्री, जीआरएन आणि इनवर्ड तपासणी त्याच्या खात्यात नाहीत. सील तपासणीच्या रॅकवर दोन दिवस पडून राहिलं, तर ते तुमच्या दृष्टीने आलेलंच नाही. गेल्या काही खेपांच्या पीओच्या आणि क्यूसी पासच्या तारखा समोरासमोर मांडा, फरक हाच लीड टाइम. (आणि हो, त्यात ऑर्डरीचे सहा दिवस आले का? नाही आले. वेगळे मिळवा.)

याच तारखांवरून दुसरी गोष्ट कळेल: चार दिवस म्हणजे दरवेळी चारच का, की कधी तीन, कधी सहा? सूत्रात लीड टाइमचा हा हेलकावा धरलेला नाही. तो धरला तर वर्गमुळाखाली `L × σ² + d² × σL²` येतं. d म्हणजे रोजचा सरासरी खप, σL म्हणजे लीड टाइमचं विचलन. ऑर्डरीचं अंतर क्षणभर बाजूला ठेवून बघा. हेलकावा फक्त एका दिवसाचा असेल तरी दुसरा भाग २०० × २०० = ४०,००० होतो आणि पहिला भाग ६,४००. वर्गमूळ २१५, सेफ्टी स्टॉक ३५५! हेलकावा तोच ठेवून १६ दिवसांना ४२३ लागले असते. लीड टाइम पाव करून वाचले ६८ नग. अशा वेळी आणखी एक दिवस कमी करून घेण्यापेक्षा ठरल्या दिवशी माल देण्याचा शब्द पाळून घ्या, फायदा त्यात जास्त आहे. डेपोतच स्टॉक संपला तर माल पुन्हा कोइमतूरहून येणार, म्हणजे कधी चार आणि कधी सोळा. डेपोत आपल्यासाठी किती नग राखून ठेवतो ते त्याच्याकडून लेखी घ्या.

वर्गमुळाची एक अट आहे: आजचा खप आणि उद्याचा खप एकमेकांवर अवलंबून नसावा. महिनाअखेरीला गिऱ्हाइकाचं शेड्यूल भरायला सलग आठ दिवस असेंब्ली पळत असेल, तर जास्त-कमी मिटत नाही, सगळे दिवस जास्तच जातात. ताडून बघणं सोपं आहे. इश्यूचे दर दहा दिवसांच्या बेरजांचं विचलन काढा, ते १२६ च्या आसपास हवं (४० × ३.१६). १८०-२०० निघालं तर सूत्राचा आकडा वापरू नका, प्रत्यक्ष निघालेल्या विचलनालाच १.६५ ने गुणा. तीन महिन्यांत दहा दिवसांचे गट थोडेच पडतात, म्हणून यासाठी वर्षाचे आकडे घ्या. दहाच दिवसांचे का? पुन्हा विचारताय? चार अधिक सहा.

बाकीचं भराभर. जुन्या १६ दिवसांच्या हिशेबाने दिलेल्या ऑर्डरी वाटेत असतील, त्यातला साधारण १२ दिवसांचा माल, २,४०० नग, आता जास्तीचा आहे. तेवढा खप होईपर्यंत नवी ऑर्डर देऊ नका, नाहीतर स्टॉक कमी करायला निघालात आणि रॅक भरून वाहतोय असं होईल. एकदम खाली उतरू नका, २६४ वरून आधी २३५, दोन महिने बघा, मग २०९. ईआरपीत लीड टाइमचा आणि सेफ्टी स्टॉकचा असे दोन्ही रकाने बदला. एकच बदलला तर सिस्टिम जुन्याच हिशेबाने ऑर्डर सुचवते. आठवड्याच्या ऑर्डरीसाठी शनिवारची वरची पातळी २०० × १० + २०९ = २,२०९ नग; हातातला आणि वाटेतला माल त्यातून वजा करून उरेल तेवढीच ऑर्डर. परचेसने शनिवारऐवजी पंधरवड्यातून एकदा ऑर्डर काढायचं ठरवलं, तर ही सगळी बेरीज त्याच दिवशी नव्याने करा. ४ + १२ = १६, म्हणजे पुन्हा २६४.