रॉकेट हवेशिवाय कसं जळतं? हे समजावताना या चुका टाळा

बरणीखाली मेणबत्ती विझवून दाखवायची आणि मग मुलांना विचारायचं, "अवकाशात हवा नाही, मग रॉकेट कसं पेटतं?" हा प्रयोग अनेक शाळांत होतो. प्रश्न चांगला आहे, पण त्याचं उत्तर बऱ्याचदा अर्धवट दिलं जातं: "रॉकेटचं इंधन खास असतं." तसं नाही. मेणबत्तीला लागणारा ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून येतो. रॉकेट मात्र इंधन आणि ते जाळणारा पदार्थ, म्हणजे ऑक्सिडायझर, दोन्ही स्वतःबरोबर नेतं. वेगळेपण एवढंच आहे.

म्हणून पहिली चूक: मॉडेलमध्ये एकच टाकी काढून तिच्यावर 'इंधन' लिहिणं. चांद्रयान-3 ला 14 जुलै 2023 रोजी घेऊन गेलेल्या एलव्हीएम-3 रॉकेटचा वरचा टप्पा बघा. त्यात द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन मिळून सुमारे 28 टन भरतात. वजनाने एक भाग हायड्रोजनला साधारण पाच भाग ऑक्सिजन, असं प्रमाण असतं. म्हणजे 28 टनांपैकी तब्बल 23 टनांहून जास्त ऑक्सिजन, आणि हायड्रोजन जेमतेम पावणेपाच टन! रॉकेट मुख्यतः वाहतं ते ऑक्सिडायझर. पण द्रव हायड्रोजन इतका हलका असतो की त्याची टाकी ऑक्सिजनच्या टाकीपेक्षा आकारमानाने तिपटीहून मोठी लागते. चित्र काढताना दोन्ही टाक्या सारख्या काढल्या, तर ही गंमत हरवते.

इथे हुशार विद्यार्थी हमखास अडतात. पाणी तयार व्हायला एक किलो हायड्रोजनला आठ किलो ऑक्सिजन लागतो, मग पाचच का? हे गणित चुकलेलं नाही, हायड्रोजन मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. न जळलेला हलका हायड्रोजन धुराबरोबर बाहेर पडला की त्या धुराच्या रेणूंचं सरासरी वजन कमी होतं आणि झोत जास्त वेगाने निघतो. शिवाय तापमान थोडं आटोक्यात राहतं.

दुसरी चूक घन इंधनाच्या मोटरबद्दलची, आणि ती जास्त खोलवर रुजलेली आहे. एलव्हीएम-3 च्या दोन्ही बाजूंचे एस-200 बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जोर देणाऱ्या घन इंधनाच्या मोटर, आतून पोकळ असतात. मधलं भोक हवा आत जाण्यासाठी असतं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिथे हवेची गरजच नाही. अमोनियम परक्लोरेटचे बारीक कण आणि ॲल्युमिनियमची पूड एचटीपीबी नावाच्या रबरासारख्या पदार्थात घट्ट बसवलेली असतात. परक्लोरेट तापून फुटलं की ऑक्सिजनयुक्त वायू सुटतात आणि शेजारचंच रबर नि ॲल्युमिनियम जाळतात. ऑक्सिडायझर असा इंधनाला अगदी चिकटून असतो.

मग भोक कशासाठी? ज्वलन फक्त उघड्या पृष्ठभागावर होतं आणि थराथराने आत सरकतं. भोकाचा आकार ठरवतो की कोणत्या क्षणी किती पृष्ठभाग जळत असेल, म्हणजेच किती जोर मिळेल.

यातूनच खरा धोका कळतो. त्या घट्ट ठोकळ्यात तडा गेला, किंवा तो कवचापासून सुटला, तर जळायला अचानक जास्त पृष्ठभाग मिळतो. वायू वाढतो, दाब वाढतो, दाब वाढल्यामुळे जळण्याचा वेगही वाढतो आणि कवच फुटू शकतं. म्हणूनच मोटर उडवण्याआधी एक्स-रे काढून असे तडे शोधतात. एकदा पेटल्यावर हवा तोडून ती विझवण्याचा मार्गच उरत नाही.

हीच गोष्ट दिवाळीच्या फटाक्यातल्या बाणालाही लागू आहे. त्याच्या दारूतही ऑक्सिजन पुरवणारा क्षार मिसळलेला असतो. पेटलेल्या दारूवर माती किंवा ओलं पोतं टाकून हवा बंद केली म्हणजे ती विझेल, हा समज सोडा. असली मिश्रणं घरी कुटून 'प्रयोग' करू नका. घर्षणाने ठिणगी पडली तर हवा बंद करून थांबवता येईल, असं तिथे काही नसतं.

तिसरी चूक मात्र उलट्या टोकाची आहे: "रॉकेटच्या ज्वाळेचा हवेशी काहीच संबंध नाही." उड्डाणाच्या वेळी बूस्टरमागे दिसणाऱ्या लखलखत्या ज्वाळेचा काही भाग खरोखर हवेमुळेच पेटलेला असतो. मोटरमधून बाहेर पडणाऱ्या वायूंत थोडा हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड शिल्लक असतात. ते बाहेरच्या ऑक्सिजनशी मिसळून पुन्हा जळतात. पण हे ज्वलन नोझलच्या, म्हणजे वायूचा झोत जिथून निघतो त्या तोंडाच्या बाहेर, रॉकेटच्या मागे होतं. त्यामुळे त्यातून रॉकेटला उपयोगी असा जोर मिळत नाही. हवा विरळ होत गेली की हे दुसरं जळणं थांबतं, आणि मोटर मात्र आतल्या ऑक्सिडायझरवर तशीच चालू राहते.