पॉडकास्टचे पहिले १५ सेकंद: कोल्ड ओपन लिहिताना या चुका टाळा

कोल्ड ओपन म्हणजे टायटल म्युझिकच्या आधीचा तुकडा. मी मराठीत जरा निवांत बोलते, तर १५ सेकंदात माझे ३० ते ३५ शब्दच बसतात, आणि हे मोजायच्या आधी मी ७०-८० शब्द लिहून मग गडबडीत वाचायची. म्हणून आधी तुमचा स्पीड मोजा, मोबाईलवर टायमर लावून कुठलाही उतारा वाचा आणि १५ सेकंदाला कुठं पोचलात ते बघा.

आता आमच्या सोलापूरच्याच एका एपिसोडवरून सांगते. पूर्व भागातले एक काका, घरातच खाली कापड विणायचे लूम आणि वर राहायला, ४० वर्षं त्या खटखटीत झोपलेले. लूम विकले आणि झोपच उडाली. शेवटी त्यांनी खाट उचलून शेजारच्या कारखान्याच्या भिंतीला लावली, तिकडचे लूम रात्री चालू असतात ना, मग झोप लागायला लागली. तासाभराच्या गप्पांत हे इतकं भारी मिळालं होतं आणि तरी माझे पहिले तीन ड्राफ्ट फसले.

पहिला होता "नमस्कार मंडळी, कसे आहात, आज आपल्यासोबत आहेत..." वगैरे. यात १५ सेकंद संपले तरी काकांचा आवाजच आला नाही. नमस्कार करायचाच आहे, पण म्युझिकनंतर. नवीन माणसाला तुमचं नाव माहीत नसतं, त्यामुळं नावासाठी तो थांबत नाही.

दुसऱ्यात मी काकांचं सगळ्यात इमोशनल वाक्य उचललं, "मग ते गेल्यावर काय राहिलं ओ तिथं, काहीच नाही." मला ऐकताना काटा आला, कारण आधीचा तासभर माझ्या डोक्यात होता. बहिणीला ऐकवलं तर ती म्हणाली, "कोण गेलं, कुणी वारलं का?" ही चूक सगळ्यात जास्त होते आणि स्वतःला कळत नाही. क्लिप निवडली की ती कागदावर उतरवा आणि ते, तो, तिथं, तेव्हा या शब्दांवर गोल करा. गोल केलेला शब्द कशाबद्दल आहे हे त्याच क्लिपमध्ये कळत नसेल तर क्लिप बदला, नाहीतर आधी तुमचं एक वाक्य टाका.

तिसऱ्यात मी खाटेची गोष्टच सुरुवातीला सांगून टाकली. ऐकायला छान होतं, पण उत्तर मिळालं, आता पुढं कशाला ऐकायचं? कोल्ड ओपनमध्ये अडचण सांगायची आणि तोडगा आत ठेवायचा, एवढी एक रेघ मारून घ्या.

शेवटी हे ठेवलं:

(लूमचा आवाज, २ सेकंद, एकदम बंद)
काका: "लूम चालू असले की गाढ झोप लागती बघा. लाईट गेली, आवाज थांबला, की खडबडून उठतो."
मी: "४० वर्षं लूमच्या आवाजात झोपलेल्या माणसाच्या घरातून शेवटचा लूम निघाला. आता त्यांना झोप कशी लागते?"

आवाज धरून १४ सेकंद. माझ्या वाक्यात आधी "गेल्या महिन्यात" होतं, ते काढलं, एपिसोड कुणी दोन वर्षांनी पण ऐकेल.

आवाजाचं जरा नीट सांगते, कारण इथं माझा अख्खा दिवस गेला. लूमची खटखट बोलण्याखाली चालू ठेवली की शब्द खाऊन टाकते, मोबाईलच्या स्पीकरवर तर जास्तच. म्हणून आवाज एकटा वाजवा, मग माणूस बोलू दे. खाली ठेवायचाच असेल तर बोलण्यापेक्षा १५-१८ डीबी तरी कमी करा. फेड आऊट नको, कारण गोष्टच आवाज अचानक थांबण्याची आहे. पण थांबल्यावर मी पूर्ण सायलेन्स ठेवला तर ऐकणाऱ्याला वाटलं ॲप अडकलं! तिथं काकांच्या खोलीची रिकामी हवा, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा आवाज, भरली, अर्धा सेकंद. त्यासाठी रेकॉर्डिंगच्या दिवशीच सगळ्यांना गप्प बसवून ३० सेकंद खोली रेकॉर्ड करून ठेवा, नंतर ती मिळत नाही.

टेस्ट अशी करा. स्वयंपाकघरात कुणीतरी काम करत असताना फोनच्या स्पीकरवर लावा, १५ सेकंदाला थांबवा आणि फक्त विचारा, "पुढं काय कळायचंय?" "आवडलं का" विचारू नका, घरचे हो म्हणतात. आई म्हणाली, "मग झोपतात कसं ते?" आणि मी तिथंच थांबले.

स्पॉटिफायच्या डॅशबोर्डवर लोक कुठं सोडून जातात तो ग्राफ दिसतो. अगदी सुरुवातीलाच घसरण असेल तर कोल्ड ओपन तपासा. सुरुवात टिकली आणि म्युझिक लागल्यावर लोक गेले, तर आधी म्युझिक छाटा, आमचं २५ सेकंदांचं होतं ते ६ वर आणलं. मात्र ऐकणारे २०-३०च असतील तर दोन माणसं गेली तरी ग्राफ हलतो, त्यावरून काही ठरवू नका. आणि सुरुवात, म्युझिक दोन्ही टिकून लोक चौथ्या-पाचव्या मिनिटाला जात असतील, तर प्रश्न विचारून तुम्ही तो विसरलात. माझ्याकडून तेच झालेलं, खाटेची गोष्ट ४१व्या मिनिटाला होती. आता नवव्या मिनिटाला काका म्हणतात, "झोप नाही म्हणून भिंतीला कान लावला," आणि खाट उचलली ते त्यानंतर येतं.