व्हिसा अपॉइंटमेंटची खरी साइट कशी ओळखावी (आणि स्लॉट विकणाऱ्यांना कसं टाळावं)

देशाचं नाव आणि ‘व्हिसा अपॉइंटमेंट’ एवढं गूगलवर टाकलं की वर येणारे पहिले दुवे बहुतेकदा जाहिराती असतात. ज्याने पैसे भरले तो वर, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून अपॉइंटमेंट शोधूच नका. त्या देशाच्या परराष्ट्र खात्याची किंवा दूतावासाची साइट उघडा आणि तिथल्या दुव्यावरूनच पुढे जा.

फ्रान्सचं उदाहरण घेऊ. सुरुवात france-visas.gouv.fr वरून. तिथे खातं उघडायचं, अर्ज भरायचा, पावती डाउनलोड करायची. कुठून अर्ज करताय ते सांगितलं की पुढची अपॉइंटमेंट कोणाकडे घ्यायची हे तीच साइट दाखवते. फ्रान्सचे अर्ज भारतात व्हीएफएस ग्लोबल घेते, ब्रिटनमध्ये टीएलएसकॉन्टॅक्ट. म्हणजे परदेशातल्या मित्राने पाठवलेला दुवा अगदी खरा असूनही तुमच्या कामाचा नसेल.

आता जिथे बहुतेक जण फसतात ती गोष्ट. ‘पत्त्यात gov नसेल तर साइट खोटी’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. visa.vfsglobal.com ही खासगी कंपनीची साइट आहे, पण अनेक देशांनी अधिकृतपणे नेमलेली. भारतातून अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत ठरवायची अधिकृत साइट usvisascheduling.com आहे, त्यातही gov नाही. उलट पत्त्यात gov, visa, embassy हे शब्द कोणीही घुसवू शकतो. ‘कुलपाचं चिन्ह बघा’ हा त्याहून वाईट सल्ला. कुलूप एवढंच सांगतं की तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. ती ज्याच्याकडे पोचते तो कोण, हे कुलूप सांगत नाही.

पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग घ्या आणि त्याचं शेपूट बघा.

```
visa.vfsglobal.com/...
visa.vfsglobal.com.slots.example/...
```

पहिल्याचा मालक vfsglobal.com. दुसऱ्यात तेच नाव दिसत असलं तरी मालक slots.example आहे; त्याच्या डावीकडचं सगळं सजावट. (हा दुसरा पत्ता मी समजावण्यापुरता रचला आहे.) मोबाइलवर लांब पत्ता अर्धवटच दिसतो, म्हणून हे काम कॉम्प्युटरवर केलेलं बरं. आणि शेपूट ओळखीचं वाटलं तरी दूतावासाच्या पानावरून त्याच पत्त्यावर पोचता येतं का, ते पाहाच. माझ्या लेखी खरी कसोटी तीच.

एजंटची साइट पत्त्याआधी पैशांतच उघडी पडते. शेंगेन व्हिसाचं, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचं शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे. त्यावर अर्ज घेणारं केंद्र आपलं सेवाशुल्क घेतं. ते सहसा व्हिसाशुल्काच्या निम्म्यापेक्षा जास्त नसतं. काही ठिकाणी यातली रक्कम बुकिंग करतानाच भरावी लागते, त्यामुळे पैसे मागितले म्हणजे फसवणूक असं नाही. पण तारखेची म्हणून वेगळी किंमत अधिकृत यादीत सहसा नसते. ‘खात्रीचा स्लॉट’, ‘लवकरची तारीख, जादा दर’ असं दिसलं आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘आमचा कोणत्याही सरकारशी संबंध नाही’ असं सापडलं, की टॅब बंद करा. अर्ज भरून देण्याचे पैसे घेणारा एजंट वेगळा. ती सेवा आहे, हवी तर घ्या.

स्लॉट विकणारा तारीख आणतो कुठून? सुटलेल्या तारखा प्रोग्राम लावून आधीच अडवून ठेवतो, गिऱ्हाईक मिळालं की ते बुकिंग रद्द करतो आणि मोकळी झालेली जागा तुमच्या नावाने पकडायला धावतो. मधल्या क्षणात दुसऱ्याने ती घेतली तर खात्री गेली वाऱ्यावर. बुकिंगमधलं नाव आणि पासपोर्ट क्रमांक तुमच्या कागदांशी जुळला नाही, तर केंद्राच्या दारातूनच परत पाठवतात. ‘फ्रान्सचा नाही, दुसऱ्या शेंगेन देशाचा स्लॉट देतो’ हेही ऐकू नका. अर्ज मुख्य मुक्काम असलेल्या देशाकडेच करायचा असतो. सगळीकडचा मुक्काम सारखाच असेल, तर जिथून प्रवेश करणार त्या देशाकडे.

तारखा दिसत नसतील तर रोज ठरावीक वेळी स्वतः लॉगिन करून बघा, कारण रद्द झालेल्या तारखा परत येतात. दर मिनिटाला पान ताजं करू नका, खातं काही काळ बंद होऊ शकतं. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे घाई त्या टोकाला करा.

एजंटला लॉगिन आधीच देऊन बसला असाल, तर पासवर्ड बदला आणि खात्यातला ईमेल व फोन नंबर तुमचाच आहे का ते तपासा. तो बदललेला असेल, तर अपॉइंटमेंटचं पत्र त्याच्याकडेच जातं आणि ते सोडवायला तो पुन्हा पैसे मागतो.