"साहेब, डेटा पाठवा ना": जीएसटीच्या रिमाइंडरमधल्या या चुका टाळा

महिना संपला की पुण्यातल्या टॅक्सच्या ऑफिसांमधून, सदाशिव पेठ असो नाहीतर पिंपरी, तोच मेसेज सुटतो: "साहेब, जीएसटीचा डेटा पाठवा ना, डेट जवळ आलीये." पलीकडून अंगठा येतो, आणि दहा तारखेला रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर बिलांचे तिरपे काढलेले फोटो. यात क्लायंटला शिव्या घालून उपयोग नाही, आपण मागितलंच काय ते त्याला कळलेलं नसतं.

उदाहरण म्हणून भोसरीतला एक फॅब्रिकेशनवाला धरू, प्रोप्रायटर आहे, दर महिन्याला रिटर्न भरतो आणि माल चाकणच्या एका कंपनीला देतो.

पहिली चूक म्हणजे "डेटा" हा शब्द. त्याच्या लेखी डेटा म्हणजे विक्रीची बिलं, संपलं. क्रेडिट नोट, परत आलेला माल, रद्द केलेल्या बिलांचे नंबर हे त्याच्या डोक्यातही येत नाही, आणि बिल नंबर १४१ नंतर थेट १४३ दिसला की आपण परत फोन करत बसतो. म्हणून एकेक कागद नावाने मागा, आणि विक्रीचं आधी, खरेदीचं नंतर असे दोन भाग करा, कारण जीएसटीआर-१ ची तारीख ११ आहे आणि ३बी ची २०, सगळं एकदम मागितलं की एका खरेदी बिलापायी विक्रीचीही यादी अडकून राहते.

दुसरी चूक, फक्त सरकारी तारीख देणं. ११ लिहिलं की तो ११ लाच पाठवणार! आपली तारीख वेगळी आणि आधी लिहा.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडते, ती म्हणजे "उशीर झाला तर भारी पेनल्टी लागेल". अहो, नाही लागत, आणि क्लायंटला ते माहीत असतं. समजा ३बी मध्ये ६०,००० रुपये रोखीने भरायचेत आणि १० दिवस उशीर झाला, तर दिवसाला ५० प्रमाणे लेट फी ५०० आणि वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज साधारण ३०० रुपये. आठशे रुपयांना कोण घाबरतंय? खरा फटका दुसरीकडे बसतो. चाकणच्या कंपनीला ४ लाखांचा माल दिला, त्यावर ७२,००० जीएसटी. जीएसटीआर-१ वेळेत गेला नाही तर १४ तारखेला तयार होणाऱ्या त्यांच्या २बी मध्ये हे बिल दिसत नाही, क्रेडिट एक महिना पुढे जातं, आणि मग त्यांचा अकाउंट्सवाला पेमेंट धरून ठेवतो. ही भाषा भोसरीत लगेच समजते, ईमेलात हेच लिहा, कलमांचे नंबर नकोत.

साधारण असा ईमेल जावा:

विषय: जुलैचा जीएसटी, विक्रीचे कागद ५ ऑगस्टपर्यंत हवेत

नमस्कार साहेब,
५ ऑगस्टपर्यंत: जुलैची सगळी विक्री बिलं (टॅलीतून एक्सेल चालेल, फोटो नकोत), क्रेडिट-डेबिट नोटा, रद्द बिलांचे नंबर.
१२ ऑगस्टपर्यंत: खरेदी आणि खर्चाची बिलं, ट्रान्सपोर्टवाल्याच्या भाड्याच्या पावत्या.
जीएसटीआर-१ आम्ही १० तारखेला भरू, त्या दिवशी ओटीपीसाठी मोबाइल जवळ ठेवा.
विक्रीचे कागद उशिरा आले आणि ११ तारीख चुकली, तर जुलैची बिलं चाकणच्या कंपनीला ऑगस्टच्या २बी मध्ये, म्हणजे १४ सप्टेंबरला दिसतील, त्यामुळे तुमचं पेमेंट अडकू शकतं. शिवाय जीएसटीआर-१ भरल्याशिवाय ३बी भरता येत नाही, आणि ३बी ला उशीर झाला तर लेट फी आणि व्याज वेगळं.

ओटीपीची ओळ फालतू वाटेल, पण मालक नेमका गावाला गेलेला असतो आणि तिथे रेंज नसते.

एवढं करूनही अर्धीच बिलं आली तर? काही जण "राहिलेलं १ए मध्ये टाकू" म्हणून मोकळे होतात. टाकता येतं, ३बी भरायच्या आधी, पण समोरच्याला क्रेडिट पुढच्याच महिन्याच्या २बी मध्ये मिळतं, म्हणजे चाकणवाल्याची कटकट तशीच राहिली. हे क्लायंटला तेव्हाच लेखी कळवा, नाहीतर महिन्याभराने ऐकायला आपल्यालाच लागतं.

आणि हाच ईमेल कॉपी करून तिमाही रिटर्नवाल्यांना पाठवू नका, त्यांची बिलं तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची आयएफएफमधून जातात, त्याची तारीख १३ असते आणि महाराष्ट्रात त्यांची तिमाही ३बी २२ तारखेला. दोन वेगळे ड्राफ्ट सेव्ह करून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप बंद करायची गरज नाही, ४ तारखेला तिथे एवढंच टाका: "साहेब, ईमेल केलाय, उद्या विक्रीची एक्सेल हवी."